शब्दांतून घडलेली क्लिप आणि कॅमेऱ्याने टिपलेली क्लिप

दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली पडद्यावर आला तेव्हा तो चार रिळांचा होता. आज त्यातलं पहिलं आणि शेवटचं रीळ तेवढं हाताशी आहे, आणि तेही १९१७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीचं असावं असं काही अभ्यासक मानतात. समजा, या चित्रपटासाठी कुणी दोन कामं हाती घेतली. उरलेल्या रिळांवरचे ओरखडे काढायचे, हे पहिलं काम. हरवलेल्या रिळांतली दृश्यं कथेच्या वर्णनावरून नव्याने तयार करायची, हे दुसरं. दोन्ही कामं आज एकाच संगणकावर, कदाचित एकाच मॉडेलकडून करून घेता येतील आणि दोन्हींचं फळ चित्रफीत म्हणूनच हाती येईल. तरीही त्यांची जात वेगळी आहे.

ओरखडा एखाद्या फ्रेमवर असतो. त्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेममध्ये तीच जागा बहुतेक वेळा स्वच्छ सापडते. म्हणजे झाकल्या गेलेल्या भागाचा पुरावा त्याच फिल्ममध्ये, एखाद्या फ्रेमइतका इकडे-तिकडे असतो. हरवलेल्या रिळाच्या बाबतीत असा पुरावाच नाही. तिथे जे दिसेल ते मॉडेलने इतर लाखो चित्रफितींतून शिकलेलं असेल. म्हणून या विषयाचा आढावा घेताना मी एकच प्रश्न हातात धरतो: पडद्यावरचा नवा ठिपका आला कुठून?

आधी नवनिर्मितीकडे पाहू. २०२२ च्या सप्टेंबरात मेटाने ‘मेक-अ-व्हिडिओ’ आणि पाठोपाठ ऑक्टोबरात गूगलने ‘इमॅजेन व्हिडिओ’ दाखवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ओपनएआयने ‘सोरा’ची झलक दाखवली आणि वर्णनावरून क्लिप बनते ही गोष्ट सर्वांच्या कानावर गेली. या मॉडेलांची मूळ रीत एकच आहे. सुरुवातीला निव्वळ यादृच्छिक आकड्यांचा गोंधळ असतो, ज्याला नॉईज म्हणतात. मॉडेल तो पायरीपायरीने कमी करत जातं आणि प्रत्येक पायरीवर दिलेलं वर्णन त्याला दिशा दाखवतं. अशा साधारण पन्नास पायऱ्यांनी चित्र तयार होतं.

हे काम पडद्यावरच्या ठिपक्यांवर थेट होत नाही, तेवढी गणना परवडणार नाही. अलिबाबाने फेब्रुवारी २०२५ मध्ये खुलं केलेलं ‘वान २.१’ घ्या. त्याची नेहमीची क्लिप ८१ फ्रेमची, म्हणजे सेकंदाला १६ फ्रेम धरल्या तर पाच सेकंदांची असते. ८३२ बाय ४८० आकारात तिचे एकूण सुमारे ९ कोटी ७० लाख आकडे होतात. मॉडेलचा एक भाग ते आधी दाबून सुमारे २१ लाखांवर आणतो. लांबी-रुंदीत आठपट आणि काळात चारपट अशी ही घट असते. गोंधळातून चित्र काढण्याचं सगळं काम या दाबलेल्या रूपात होतं आणि शेवटी ते पुन्हा फुलवलं जातं. हा तपशील लक्षात ठेवा, कारण संपादनात तोच आडवा येतो.

आता वर्णन द्या: पावसात घाट चढणारी लाल एसटी, रस्त्याकडेला छत्री घेतलेली एक बाई. घाट कोणता, बाईचं वय काय, छत्री कोणत्या रंगाची, पाऊस तिरका की सरळ, बसच्या काचा वर की खाली, यातलं काहीही या ओळीत नाही. पण क्लिपमध्ये प्रत्येक गोष्टीला काहीतरी रूप द्यावंच लागतं. न सांगितलेलं सगळं मॉडेल आपल्या साठ्यातून भरतं. त्यामुळे अशी बस पुष्कळदा कुठल्याच आगाराची वाटत नाही आणि तिच्या पाटीवर देवनागरीचा भास देणाऱ्या रेघा उमटतात. शब्दांनी त्या दृश्याचा फार थोडा भाग पक्का केलेला असतो.

खरी अडचण त्यानंतर येते. क्लिप आवडली, फक्त छत्री पिवळी हवी. वर्णनात तेवढा एक शब्द घालून पुन्हा चालवलं की छत्री पिवळी होते, पण बाईही दुसरी येते, वळणही दुसरं होतं. सुरुवातीचा गोंधळ तोच ठेवता येतो. त्याला सीड नावाचा एक आकडा असतो आणि तो कायम ठेवला तर मांडणी बरीचशी तशीच राहते. पण शब्द बदलला की मॉडेल सगळ्या ठिपक्यांचा हिशेब नव्याने मांडतं. चित्रीकरणाच्या जागी दिग्दर्शक ‘पुन्हा एकदा, फक्त छत्री बदलून’ म्हणतो तेव्हा नटी तीच असते, रस्ता तोच असतो. इथे मागे टिकून राहणारं जगच नाही.

टोरोंटोच्या ‘शाय किड्स’ या गटाने २०२४ मध्ये सोरा वापरून ‘एअर हेड’ हा छोटा चित्रपट केला. त्याच्या नायकाच्या डोक्याच्या जागी पिवळा फुगा आहे. नंतर त्यांनी मोकळेपणाने सांगितलं, की फुग्यावर नको असलेले चेहरे उमटत आणि ते नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये हाताने पुसावे लागत. बनवलेलं आणि वापरलेलं यांचं प्रमाण त्यांच्या अंदाजाने ३०० ला १ होतं. हे उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण शब्दांतून घडवलेली क्लिपसुद्धा शेवटी संपादकाच्या टेबलावरच आली. ती एकदा निघाली की तिचंही टिपलेल्या फुटेजसारखंच होतं: त्यातलं काही ठेवायचं असतं आणि काही बदलायचं असतं.

‘काही ठेवायचं’ ही अट हाच संपादनाचा गाभा. यासाठी एक शॉट सावकाश पाहू. घाटातलं तेच दृश्य, पण आता खरं. कॅमेरा डावीकडून उजवीकडे हळू फिरतो आहे, बाई छत्री घेऊन चालते आहे, मागून एसटी येते आहे. पाच सेकंद, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १२५ फ्रेम. अडचण एवढीच, की बाईच्या मागे एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाचं होर्डिंग आहे आणि ते नको आहे.

जुन्या रीतीने काम करणारा कंपोझिटर आधी होर्डिंगची हद्द आखून मास्क करतो आणि कॅमेऱ्याच्या हालचालीबरोबर तो चिकटून राहील असं ट्रॅकिंग करतो. जिथे बाई किंवा छत्रीची कड होर्डिंगच्या पुढून जाते, तिथे फ्रेममागून फ्रेम कड कापावी लागते. हे रोटोचं काम, आणि बहुतेक वेळ यातच जातो. ओले केस आणि छत्रीच्या टोकावरून गळणारे थेंब सर्वांत त्रास देतात. मग रिकामी झालेली जागा भरायची. कॅमेरा सरकत असल्याने होर्डिंगच्या कडेमागचा डोंगर काही फ्रेममध्ये थोडा उघडा पडतो. तेवढा भाग तिथून उचलता येतो. त्या जागेचा होर्डिंगशिवाय वेगळा शॉट घेतलेला असेल, ज्याला क्लीन प्लेट म्हणतात, तर सोन्याहून पिवळं. शेवटी भरलेल्या तुकड्यावर मूळ फुटेजइतकाच ग्रेन आणि धूसरपणा चढवायचा, नाहीतर तो तुकडा नको इतका स्वच्छ दिसून ओळखू येतो.

होर्डिंगच्या बरोब्बर मधोमध मागे काय होतं, हे मात्र १२५ पैकी एकाही फ्रेममध्ये नाही. तिथे झाड होतं की दरड, हे कॅमेऱ्याने पाहिलंच नाही. कंपोझिटर तिथे आपल्या अंदाजाने झाडी रंगवतो. म्हणजे जुन्या संपादनातही थोडी नवनिर्मिती होतीच. फरक एवढा, की ती एका आखलेल्या हद्दीत होती आणि हद्दीबाहेरचा एकही ठिपका हलत नव्हता.

आता हाच बदल मॉडेलकडून करून घ्यायचा तर कसा? सर्वांत आधी सुचलेली युक्ती २०२१ मधल्या एसडीएडिट या पद्धतीची. पूर्ण गोंधळापासून सुरुवात करण्याऐवजी खऱ्या फुटेजमध्ये थोडा गोंधळ मिसळायचा आणि तिथून पुढे नव्या वर्णनानुसार तो साफ करत जायचं. किती मिसळायचा यासाठी शून्य ते एक असा आकडा असतो. पन्नास पायऱ्यांच्या कामात ०.६ दिला तर साधारण शेवटच्या तीस पायऱ्या चालतात. शून्य म्हणजे जसं होतं तसं आणि एक म्हणजे फुटेज पूर्ण बुडालं, म्हणजेच निव्वळ नवनिर्मिती.

या आकड्याकडे पाहून वाटतं, की संपादन आणि नवनिर्मिती यांत फक्त प्रमाणाचा फरक आहे. मला हे पटत नाही, आणि कारण गोंधळाच्या स्वभावातच आहे. गोंधळ मिसळला की आधी बारीक तपशील बुडतात: डोळ्यांची ठेवण, लुगड्याचा काठ, पाटीवरची अक्षरं. रंगाचे मोठे पट्टे सर्वांत शेवटी जातात. आपली गरज तर नेमकी उलटी असते. आभाळ सांजेचं करा, बस निळी करा, पण बाई तीच राहू द्या. ०.३ वर बस लालच राहते. ०.८ वर ती निळी होते, पण बाईचा चेहरा गेलेला असतो. मधे कुठे थांबलं तर दोन्ही अर्धवट. जे जपायचं ते आधी पुसणारं हे साधन आहे, म्हणून नुसत्या गोंधळाच्या प्रमाणावर संपादन उभं राहू शकत नाही.

पुढची वाट रचना वेगळी बाजूला काढून ठेवण्याची होती. रनवेचं ‘जेन-१’ फेब्रुवारी २०२३ मध्ये आलं. ते प्रत्येक फ्रेमवरून डेप्थ मॅप, म्हणजे कोणती वस्तू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे याचा नकाशा काढत असे आणि तो कायम ठेवून वरचं रूप बदलत असे. त्यामुळे हालचाल आणि आकार टिकले. पण खोलीच्या नकाशात माणसाची ओळख नसते. चालणारी बाई चालणारी बाईच राहिली, मात्र ‘ती’ बाई राहिली नाही. शिवाय चित्रांसाठीची मॉडेलं एकेका फ्रेमवर चालवली की प्रत्येक फ्रेमचा अंदाज थोडा वेगळा पडे आणि कपड्यांचा पोत उकळत्या पाण्यासारखा थरथरत राही. सगळ्या फ्रेम एकत्र पाहणारी मॉडेलं आल्यावर ही थरथर बरीच शमली. त्यापुढचा टप्पा म्हणजे मूळ फुटेज पूर्णच्या पूर्ण मॉडेलसमोर ठेवून ‘यातलं एवढं बदल’ असं सांगणं. २०२५ मध्ये आलेली अलिबाबाची ‘व्हेस’ आणि रनवेची ‘अलेफ’ या जातीची आहेत.

संपादन मागे का पडलं, याचं एक साधं कारण शिकवणीत आहे. नवनिर्मितीसाठी क्लिप आणि तिचं वर्णन एवढी जोडी पुरते, आणि अशा जोड्या कोट्यवधी मिळतात. संपादन शिकवायला ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी जोडी लागते: तोच रस्ता, तीच बाई, तोच पाऊस, फक्त छत्री वेगळी. असं दोनदा चित्रित कोण करतो? मेटाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘मूव्ही जेन’ मांडलं तेव्हा त्याच्या संपादनाच्या भागासाठी अशा खऱ्या जोड्यांशिवायच वाट काढावी लागली. स्थिर चित्रांच्या जोड्यांपासून सुरुवात करून मॉडेलला हळूहळू चलतचित्राकडे नेलं गेलं.

आपल्या होर्डिंगकडे परत येऊ. नव्या साधनाला मास्क आणि फुटेज दिलं तर मधला डोंगर ते चांगला भरतं. हाताने आठवडा घेणारं काम त्यात दुपारभरात होऊ शकतं, आणि हे कौतुक मी मनापासून करतो. पण १२५ फ्रेम एका दमात बसत नाहीत, मॉडेल ८१ च घेतं. म्हणून काम दोन भागांत करावं लागतं. दुसऱ्या भागाला पहिल्याच्या शेवटच्या काही फ्रेम आधार म्हणून दिल्या नाहीत, तर सांध्यावर झाड एकदम बदलतं. मूळ चित्रीकरण फोर-के असेल तर ते मॉडेलच्या छोट्या आकारात उतरवून पुन्हा मोठं करावं लागतं.

आणि इथेच दाबण्या-फुलवण्याचा तो तपशील आडवा येतो. मास्कबाहेर काहीही बदलू नको असं सांगितलं, तरी पूर्ण फ्रेम एकदा दाबली जाऊन पुन्हा फुललेली असते. बाईच्या चेहऱ्यावरचा पोत मऊ होतो, लांबच्या पाटीवरची अक्षरं वितळतात, ग्रेन नाहीसा होतो. नुसत्या नजरेला हे कळत नाही. कळण्याची सोपी रीत अशी: मूळ क्लिप आणि नवी क्लिप टाइमलाइनवर एकावर एक ठेवा आणि वरच्या थराला ‘डिफरन्स’ हा मोड द्या. जिथे काही बदललं नाही तिथे पूर्ण काळं दिसायला हवं. मग ब्राइटनेस वाढवून पाहा. मास्कबाहेर राखाडी भुतं दिसू लागली, की समजायचं, मॉडेलने न सांगितलेल्या जागीही हात लावला आहे. यावर उपाय एकच. मॉडेलच्या क्लिपमधून फक्त मास्कमधला भाग घ्यायचा, कड थोडी मऊ करायची आणि बाकी सगळं मूळ फुटेज वर पुन्हा चढवायचं. चांगले कंपोझिटर आज हेच करतात.

ही वजाबाकीची कसोटी नवनिर्मितीला लावताच येत नाही, कारण वजा करायला मूळ काही नसतं. तिथे चूक शोधायची ती जगाच्या नियमांशी ताडून. सोरा दाखवताना ओपनएआयने स्वतःच नोंदवलं होतं, की काच फुटणं त्याला नीट जमत नाही आणि बिस्किटाचा घास घेतल्यावर बिस्किटावर चाव्याची खूण राहीलच असं नाही. अशा क्लिप तपासताना मी कारण आणि परिणाम यांची जोडी पाहतो. छत्रीवर पाऊस पडतो आहे, तर कडेवरून पाणी निथळतं का? बस वळणामागे गेली आणि पुन्हा दिसली, तर खिडक्या तेवढ्याच आहेत का? संपादित क्लिपमध्ये याउलट संशय सांध्यांवर घ्यायचा: सावली उरली आणि वस्तू गेली, ओल्या रस्त्यातलं होर्डिंगचं प्रतिबिंब काढायचं राहिलं, एका चौकोनात ग्रेन गायब. प्रतिबिंब तर हमखास विसरलं जातं.

या दोन टोकांच्या मधे मात्र बराच प्रदेश आहे. पीटर जॅक्सनने ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ (२०१८) या माहितीपटासाठी पहिल्या महायुद्धातलं फुटेज घेतलं. ते मुळात सेकंदाला कमी-अधिक फ्रेमनी चित्रित झालं होतं. ते २४ वर आणताना मधल्या फ्रेम संगणकाने तयार केल्या. सैनिक खरा आहे, पण ती विशिष्ट फ्रेम कुठल्याही कॅमेऱ्याने घेतलेली नाही. २००४ मध्ये रंगीत होऊन आलेल्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये उजेड-अंधाराची वाटणी मूळ फिल्मची आहे, कृष्णधवल भागांतले रंग मात्र बाहेरून आले. दोन्हींना मी संपादन म्हणेन, कारण नवं जे आलं त्याला मूळ फुटेजने प्रत्येक फ्रेममध्ये बांधून ठेवलं होतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘रांझणा’ची तमिळ आवृत्ती एआयने बदललेल्या शेवटासह पुन्हा प्रदर्शित झाली. मूळ कथेत मरणारा नायक तिथे जिवंत राहतो. दिग्दर्शक आनंद एल. राय आणि नायक धनुष या दोघांनीही जाहीर विरोध केला. वापरलेलं साहित्य टिपलेलंच होतं, चेहरा धनुषचाच होता, म्हणून तांत्रिकदृष्ट्या कुणी याला संपादन म्हणेल. माझ्या हिशेबाने ती नवनिर्मिती आहे. नायक डोळे उघडतो ती घटना कॅमेऱ्यासमोर कधी घडलीच नाही. तिला बांधून ठेवणारी फ्रेम मूळ चित्रपटात नव्हती, उलट तिच्या विरोधातल्या फ्रेम होत्या.

ही रेघ आता नियमांतही उमटू लागली आहे. युरोपीय संघाच्या एआय कायद्याच्या पन्नासाव्या कलमात कृत्रिम सामग्रीवर यंत्राला वाचता येईल अशी खूण करण्याचं बंधन आहे. नेहमीच्या संपादनात मदत करणाऱ्या किंवा मूळ सामग्रीत मोठा बदल न करणाऱ्या साधनांना त्यातून सूट आहे. फाईलसोबत तिचा इतिहास नोंदवणाऱ्या सीटूपीए या मानकात `c2pa.created` आणि `c2pa.edited` अशा वेगळ्या नोंदी आहेत. पूर्ण मॉडेलने घडवलेल्या सामग्रीसाठी `trainedAlgorithmicMedia` आणि खऱ्यात मिसळलेल्यासाठी `compositeWithTrainedAlgorithmicMedia` असे दोन वेगळे शिक्के आहेत. उणीव एवढीच, की दुसरा शिक्का काढलेल्या होर्डिंगलाही लागतो आणि जिवंत केलेल्या नायकालाही. मिसळ किती आणि कुठे, हे त्या एका शब्दावरून कळत नाही. शिवाय बहुतेक ठिकाणी फाईल पुढे पाठवताना ही नोंद गळून पडते.

म्हणून ज्यांच्या हाती टिपलेलं काही आहे, मग ती गावच्या जत्रेची चित्रफीत असो, एखाद्या कीर्तनकाराचं शेवटचं कीर्तन असो की ग्रामसभेतली वादावादी, त्यांना एक विनंती आहे. कॅमेऱ्यातून निघालेली फाईल जशीच्या तशी, नाव न बदलता दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेली प्रत बहुतेक वेळा दाबलेली असते, ती मूळ म्हणून चालत नाही. बदल करायचे ते प्रतीवर करा आणि काय बदललं ते सोबतच्या कागदावर दोन ओळींत लिहून ठेवा.